बिनतक्रारीचा ऊस

ऑडिट करणाऱ्या बाईशी लोक खोटं बोलतात, त्याचं मला काहीच वाटत नाही. उलट कुणी पहिल्याच दिवशी खरं बोलला तर मलाच धास्ती वाटते, म्हटलं याच्या मागे आणखी काय दडलंय! पण खोटं बोलायची एक रीत असते हो. माणूस आपल्या खिशाकडे बघून खोटं बोलतो. त्या साखर कारखान्यात मला दोन माणसं भेटली, ती उलट्या बाजूला तोंड करून खोटं बोलत होती. माझं डोकं पार कामातून गेलं.

हंगाम संपत आला होता. गाळप अजून चालू होतं, पण उसाच्या गाड्यांची रांग तुटली होती. आवारात कुठे एखादी ट्रॉली उभी, कुठे दोन. मला बसायला दिलेली खोली हिशेब खात्याच्या मागे होती. वर पंखा, तो फिरायचा कमी आणि कण्हायचा जास्त. खिडकीतून मळीचा तो गोडसर आंबूस वास आत यायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या पदराला यायचा. आमचे हे म्हणायचे, "आलीस का गुळाची ढेप?" मी काय बोलणार, कप्पाळ!

हिशेब खात्याच्या प्रमुखांना सगळे मागून बरोबरसाहेब म्हणत. का, ते मला पहिल्या तासात कळलं. काहीही विचारा, ते म्हणत, "बरोबर आहे मॅडम." मी म्हणाले, ही बेरीज चुकली आहे. "बरोबर आहे." मी म्हणाले, नाही, माझंच चुकलं, बेरीज जुळते. "बरोबर आहे." माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याशी बोलताना भिंतीवर चेंडू मारल्यासारखं व्हायचं.

माझं काम असं. शेतकऱ्यांनी घातलेल्या उसाचं पंधरवड्याचं बिल निघतं. ते बिल बँकेत जायच्या आधी मी तपासायचं. वजनकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं होतं, दोन्हींतला फरक तो ऊस. तो कुणाच्या खात्यावर पडला, त्याच्या नोंदीत शेत किती, त्यातून कारखान्याची थकबाकी कापली का, हे सगळं बघायचं. कंटाळवाणं आहे. पण मला आवडतं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी एका खात्यावर माझं बोट अडलं. सभासद बाई होती. नोंद दोन एकर, तीही खोडव्याची, म्हणजे आधी तोडलेल्या बुडख्यांना फुटलेल्या उसाची. असा ऊस एकरी तीस-पस्तीस टन येतो, फार तर चाळीस. हिच्या नावावर एकशे नव्वद टन! दोन एकरांत एवढा ऊस यायचा तर तो एकावर एक उभा राहायला हवा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

बरोबरसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "बरोबर आहे."

"अहो, काय बरोबर आहे? दोन एकरांत हे कसं मावलं?"

"म्हणजे, तुमचं विचारणं बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी घाम पुसला.

पहिला संशय काट्यावर. ऊसच आला नसेल आणि नुसत्या पावत्या फाडल्या असतील, असं मला वाटलं. मी तरातरा काट्यावर गेले. तिथले काटेवाले काका म्हणजे साधा, घाबरट माणूस. मी दारात उभी राहिले तेव्हाच त्यांचा चहा बशीत सांडला. मी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला, एक गाडी दोनदा चढवली. काटा चोख. मग त्या दिवसांतलं एकेक तपासलं. गेटवरची नोंद, भरल्या गाडीचं वजन, उतरवून घेणाऱ्या क्रेनवाल्याची नोंद, रिकाम्या गाडीचं वजन. कॅमेऱ्याचं चित्रण काढायला लावलं. ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या दिसत होत्या, उसाचे शेंडे बाहेर लोंबत होते. म्हणजे ऊस आला होता. खराखुरा, गोड, वजनदार ऊस आला होता.

"काका, खात्याचा नंबर तुम्ही घातलात?"

"मी घातला मॅडम, पण तोडचिठ्ठीवर होता तोच घातला. गाडीवाला चिठ्ठी देतो, मी नंबर दाबतो. माझ्या पोराबाळांची शपथ!"

"शपथ नको, चिठ्ठी दाखवा."

चिठ्ठी, म्हणजे शेत तोडायला कारखान्याने दिलेला परवाना, होती. त्याच बाईच्या शेताची होती. आता इथली एक खोड मला नंतर शेतकी खात्याच्या सुपरवायझरने कान खाजवत सांगितली. शेत तोडून संपलं की त्यांच्या माणसाने 'प्लॉट बंद' असा शेरा मारायचा असतो. मग त्या चिठ्ठीवर पुढची गाडी काट्यावर चढत नाही. पण हंगामाच्या शेवटी हे सगळे इतके थकलेले असतात की शेरा मारायचं राहून जातं. चिठ्ठी उघडीच राहते. आणि तोडणीची टोळी एका शेतातून बांध ओलांडून शेजारच्या शेतात शिरली की त्याच चिठ्ठीवर पुढचा ऊस जातो.

"मग शेजारी बोंब मारत नाही?" मी विचारलं.

"मारतो की! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. माझा ऊस त्याच्या नावावर कसा गेला म्हणून आमची सालटी काढतो. मग आम्ही दुरुस्ती करतो."

"आणि या वेळी?"

सुपरवायझरने कान खाजवायचं थांबवलं. "या वेळी कुणीच आलं नाही मॅडम."

माझ्या गोंधळाची सुरुवात इथे झाली. एकशे पंचवीस टन ऊस जादा, आणि तक्रार नाही! ज्याचा ऊस गेला तो गप्प, जिच्या नावावर आला ती गप्प. कुणाची कोंबडी हरवली तरी गाव डोक्यावर घेतात, इथे बारा-तेरा ट्रॉल्या ऊस बेवारस होता आणि सगळे शांत झोपत होते.

मी बाईला बोलावलं. बाई चाळिशीची असेल. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, ती मी सांगूनही बसेना. बरोबरसाहेबांनी मला आधीच कानात सांगितलं होतं की संचालकांच्या बैठकीत हा विषय गेलाय, आणि ते फार तापलेत. बनावट वजन म्हणून बाईचं सभासदत्व रद्द करा, पूर्ण बिल अडकवा, तिच्या स्वतःच्या दोन एकरांचंसुद्धा. माझ्या शेऱ्याची वाट बघत होते.

"एवढा ऊस तुमचाच का?" मी विचारलं.

"माझाच."

"दोन एकरांत?"

"पीक चांगलं आलं औंदा."

"चांगलं म्हणजे किती चांगलं हो? मी काय आज जन्माला आले का?"

माझा आवाज चढला की ऐकणारा एक तर उलट बोलतो, नाही तर रडतो. ही दोन्ही करेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे बिल कधी निघणार? पोरीला नर्सिंगला घेतलंय. महिनाअखेर फी भरली नाही तर जागा जाते. दुसऱ्यांदा नाही मिळायची."

"बिल निघायचं दूरच राहिलं बाई. खोटं ठरलं तर तुमचं स्वतःचंही जाईल. सभासदत्व जाईल. कळतंय का तुम्हाला?"

तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग मात्र बसली, खुर्चीच्या अगदी टोकावर. "सांगते," म्हणाली. "माझं रान दोन दिवसांत तुटून झालं. तिसऱ्या दिवशी फोनवर मेसेज आला, तुमचा एवढा ऊस पोचला म्हणून. मला वाटलं मशीन चुकलं. उद्या चुकीचा म्हणून दुसरा मेसेज येईल. तर उद्या आणखी ऊस आला. परवा आणखी. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं देवाला माहीत कुणाचं चुकतंय, पण पोरीची फी निघते आहे. रोज सकाळी वाटायचं आज जाऊन सांगावं. आणि रोज सकाळी स्वयंपाकाला लागायचे."

"म्हणजे ऊस कुणाचा, हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"खरंच नाही. कारखान्याचाच असेल असं वाटलं."

कारखान्याचा ऊस! मला हसावं की रडावं कळेना. राग यायला हवा होता, तो आलाही, पण कुणावर काढावा ते सापडेना. मी तिला जायला सांगितलं आणि बरोबरसाहेबांवर ओरडले, कारण ते समोर होते.

दुसऱ्या दिवशी मी शेतावरच गेले. ऑडिटवाल्यांनी शेतात जायचं नसतं असं काही नाही, फक्त जायचा कंटाळा असतो. बाईचं रान तुटलेलं, पाचट पसरलेलं. बांधापलीकडे तीन एकर, तेही मोकळं. नोंदवहीत त्या तीन एकरांत लागणीचा, म्हणजे नव्याने लावलेला ऊस उभा होता, आणि त्याच्या खात्यावर हंगामभरात एक मोळी पडलेली नव्हती. लागणीचा तीन एकर म्हणजे एकरी चाळीस-बेचाळीस टन. हिशेब तिथेच बांधावर उभ्या उभ्या जुळला. मला इतका आनंद झाला की मी सुपरवायझरच्या पाठीवर थाप मारली. तो बिचारा दचकला.

"हे रान कुणाचं?"

"तिच्या दिराचं. पण मॅडम, त्यांचं बोलणं नाही. नवरा गेल्यावर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं दोघांत. हिने चारचौघांत त्याला म्हटलं, तुमचा माझ्या जमिनीवर डोळा आहे. तेव्हापासून तो हिच्या दारावरून जात नाही, लांबून वळसा घालतो."

दीर विहिरीजवळ मोटरीचा वायर जोडत होता. उंच, वाळका, नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

"तुमचा ऊस कुठे गेला?" मी सरळ विचारलं.

"बेण्याला विकला." बेणं म्हणजे लागवडीसाठी विकायचा ऊस.

"तीन एकर, सगळा?"

"सगळा."

"कुणाला?"

"आले होते कोणी तरी."

"पैसे?"

"रोख."

"अहो, शेवटच्या महिन्यातला जून झालेला ऊस बेण्याला कोण घेतं? मला काय वेडी समजलात?"

त्याने वायरला चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "मॅडम, उन्हाचं बाहेर फिरू नका. चक्कर येईल." एवढंच. मला तिथल्या तिथे संतापाने चक्कर आली.

परत आले आणि त्याचं खातं उघडलं. आणि मला वाटलं, सापडलं! त्याच्या खात्यावर थकबाकी होती, मोठी. ठिबकच्या कर्जाची. त्याच्या नावावर ऊस आला असता तर कारखान्याने बिलातून ती कापून घेतली असती. म्हणून गड्याने वहिनीच्या नावावर ऊस ढकलला. कारखान्याला टांग मारायची, पैसे तिच्या खात्यात येऊ द्यायचे, आणि मग कुणाला तरी मधे घालून तिच्याकडून काढून घ्यायचे. वर विधवा बाई अडकली तरी याला काही नाही! ही चाल मी आधीही पाहिली आहे. बायकोच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर ऊस घालून थकबाकी चुकवतात लोक. मी बरोबरसाहेबांना म्हणाले, "उद्या दोघांना समोरासमोर बसवा. मी त्याला सोलते."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि या वेळी जरा खुशीत म्हणाले.

दोघं आली. खोलीत तीन खुर्च्या होत्या. बाई एका टोकाला बसली, दीर दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या खुर्चीवर त्याने आपली पिशवी ठेवली. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरसाहेब उभेच राहिले.

मी सुरुवातच जोरात केली. "हा ऊस तुमचा आहे. थकबाकी चुकवायला तुम्ही तो हिच्या नावावर घातलात. आता ऐका. संचालक हे बनावट वजन धरणार. हिचं सभासदत्व जाणार, हिच्या स्वतःच्या उसाचं बिल जाणार. तुम्ही मजेत राहा."

तो एकदम ताठ झाला. "हिचं बिल का जाणार? हिने काय केलंय?"

"नाव तिचं आहे ना!"

बाई त्याच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच. मग तो म्हणाला, "ऊस माझा. टोळीच्या मुकादमाला मीच सांगितलं, उघड्या चिठ्ठीवर गाड्या भर म्हणून. यांना काहीच माहीत नाही. लिहा तसं. कुठे सही करू?"

"पैसे नंतर कसे काढून घेणार होतात?"

"कुणाकडून?"

"हिच्याकडून!"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच अचरट बोलले. "काढून कशाला घेऊ? पोरीची फी आहे ना त्यांची."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मॅडम," बाई शेवटी म्हणाली, "यांना विचारा, यांना फीचं कुणी सांगितलं?"

"मॅडम, यांना सांगा, पोरगी माझी पुतणी आहे. रस्त्यात भेटली तर काकाशी बोलते."

"मॅडम, यांना म्हणावं, उपकार करायचे होते तर तोंडाने सांगायचं. मी तीन आठवडे चोरासारखी जगले."

"सांगितलं असतं तर घेतले असते का, विचारा त्यांना."

मी कुणाला काय विचारू? दोघं हातभर अंतरावर बसलेली. मी टपाल खातं आहे का? "थांबा!" मी टेबलावर हात आपटला. "मला एक कळत नाही. तुम्हाला एवढी फी द्यायची दानत आहे, मग कारखान्याचं कर्ज का थकवलंत? ठिबक बसवलं तेव्हा गोड लागलं, फेडताना जड? आणि काल मी तुमचं रान बघितलं. तिथे तर ठिबकची एक नळी नाही!"

बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. खरंच, नळी नव्हती. ठिबकच्या नळ्या बांधाच्या अलीकडे होत्या. बाईच्या रानात.

"बरोबरसाहेब, हे मूळ कर्ज कुणाचं?"

"ते राहू द्या मॅडम," दीर चटकन म्हणाला. "ऊस माझा म्हटलं ना मी. माझ्या नावावर फिरवा, थकबाकी कापून घ्या, विषय संपला. ते जुनं काढू नका."

पण बरोबरसाहेबांना मी विचारलं होतं, आणि विचारलेलं ते आज्ञाधारकपणे वाचतात. त्यांनी खातं उलटं मागे नेलं आणि एका सुरात वाचून दाखवलं. कर्जदार सभासद मयत. वसुली जामीनदाराच्या खात्यावर वर्ग. मग मयताचं नाव वाचलं. ते बाईच्या नवऱ्याचं होतं.

मी आयुष्यभर नोंदी वाचल्या. पण समजायला इतकी जड एकही गेली नव्हती. ऊस त्याचा, नाव तिचं. कर्ज तिच्या घरचं, नाव त्याचं. मी मनात दोन्ही नोंदी सरळ करून बघितल्या. ऊस त्याच्या नावावर, कर्ज तिच्या नावावर. अगदी चोख झालं असतं. त्याला पूर्ण बिल मिळालं असतं आणि बाईच्या दोन एकरांचं बिल कर्जात जाऊन वर देणं उरलं असतं. मग एकच सरळ केली. ऊस त्याच्या नावावर, कर्जही त्याच्याच. कायद्याने तेही बरोबर, जामीनदाराकडून वसूल करता येतं. कारखान्याचं बरंचसं फिटत होतं, बाईचं बिल सुटत होतं. फक्त या वाळक्या माणसाच्या हातात काही उरत नव्हतं.

बाईचा आवाज एकदम लहान झाला. "ते कर्ज तर माफ झालं होतं. विम्यातून फिटलं असं मला वाटलं. आमच्या बिलातून कापायचं बंद झालं म्हणून."

"विमा नव्हताच," बरोबरसाहेब म्हणाले. "यांनी स्वतः येऊन अर्ज दिला होता, वारसाकडे मागू नका, माझ्या खात्यावर टाका म्हणून."

मला दिराला सांगणं भाग होतं, ते माझं कामच आहे. "हे बघा, हे कर्ज आधी वारसाकडून मागा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही नुसते जामीन आहात. लिहून द्या, मी शेरा मारते."

"नाही द्यायचं."

"का पण? तिने चारचौघांत तुमची अब्रू काढली, तुम्ही तिच्या दारावरून जात नाही, आणि तिचं देणं उरावर घेऊन बसलात? मला एकदा समजावून सांगा. मी ऑडिटर आहे हो, मला समजल्याशिवाय झोप येत नाही!"

त्याने पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला, सोडला. "सही करताना भाऊ म्हणाला, तू नुसती सही कर, पुढच्या वर्षी मी फेडतो. आता पुढचं वर्ष त्याला मिळालंच नाही, मला मिळालं. मग फेडायचं कुणी?"

बरोबरसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

बाई उठली. मला वाटलं बाहेर जाते. ती टेबलाजवळ आली. "मॅडम, ते कर्ज माझ्या नावावर करा. नवरा माझा होता."

"करू नका," दीर म्हणाला.

"करा."

"मॅडम, यांना सांगा, पोरीची फी..."

"भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसा!" ती त्याच्याकडे वळून ओरडली. "तीन वर्षं गप्प बसलात तेवढं पुरे झालं नाही का? मी तुम्हाला काय काय बोलले! तुमच्या तोंडावर बोलले! एकदा तरी उलट म्हणायचंत, की बाई, तुझ्या नवऱ्याचं मी फेडतोय!"

"म्हणून काय झालं असतं? तुम्ही दोन एकर विकून आणून दिले असते. मी ओळखत नाही का तुम्हाला?"

"मग विकले असते!"

"आणि खाल्लं काय असतं वहिनी, माती?"

मी माझ्या नोकरीत थकबाकीवरून भांडणारी माणसं रोज पाहिली, पण सगळी म्हणायची, माझी नाही. इथे दोघं माझी माझी म्हणून हातघाईवर आली होती. मला मधे बोलायला जागाच राहिली नव्हती, आणि तीन वर्षांत ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होती, म्हणून मी बोललेही नाही. माझे डोळे भरून आले. मी खिडकीकडे बघून मळीच्या वासाला नावं ठेवली.

शेवटी लिहायचं ते लिहिलंच. ऊस त्याच्या खात्यावर फिरवला. बाईच्या दोन एकरांचं बिल सोडलं. त्याच्या बिलातून थकबाकी कापली, तरी थोडी उरली, कारण तीन वर्षांचं व्याज चढलं होतं. बाईचं सुटलेलं बिल फीला पुरत नव्हतं, ते आम्हा चौघांनाही दिसत होतं. दीर म्हणाला, एक म्हैस आहे, बघू. बाई म्हणाली, म्हशीला हात लावायचा नाही.

उरलेल्या थकबाकीला पुढच्या हंगामापर्यंत मुदत मिळते, पण त्यासाठी नव्याने जामीन लागतो. बरोबरसाहेबांनी अर्ज पुढे केला. "जामीनदार कोण देता?" त्यांनी दिराला विचारलं. "आणि सभासद बिनथकबाकीचा हवा. एक पै थकलेली चालणार नाही."

दीर विचार करायला लागला. आजूबाजूचा कोण बिनथकबाकीचा असेल, बोटांवर मोजत आठवत होता. एकही नाव त्याच्या तोंडून येईना.

"पेन द्या," बाई म्हणाली.

"तुम्ही?" बरोबरसाहेब गोंधळले. "पण हे मूळ तुमच्याच..."

"खातं बघा माझं," ती म्हणाली. "थकबाकी आहे का?"

त्यांनी बघितलं. मीही वाकून बघितलं, गरज नसताना. तिच्या खात्यावर एक पै बाकी नव्हती. तीन वर्षं कुणी ती तिथे येऊच दिली नव्हती.

दीर नको म्हणायला उठला होता, तो तसाच उभा राहिला. बाईने अर्ज स्वतःकडे ओढला, जामीनदाराच्या जागी सावकाश, अक्षर न अक्षर नीट काढत सही केली, आणि पेन त्याच्या हातात दिलं. "करा आता तुम्ही," ती म्हणाली. त्याने मधल्या खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली, तिथे बसला आणि सही केली.